रविवारची मॅच, आझाद मैदान: टीमला पाठवायचा मेसेज कसा लिहावा?

तिसरी_स्लिप | बुधवार, रात्री ९.४०

आमची डोंबिवली-ठाणे भागातली रविवारची टीम आहे. लेदर बॉल, २५ ओव्हर्स, सगळे नोकरी करणारे. निरोप पाठवायचं काम गेले वर्षभर माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी माझ्या मेसेजमुळे टीमचं नुकसान झालं, त्यामुळे या वेळी पाठवायच्या आधी इथे विचारतोय.

गेल्या वेळचा मेसेज जसाच्या तसा देतो:

"रविवारी मॅच आझाद मैदान ८.३०. सगळ्यांनी वेळेवर या. व्हाइट्स. कन्फर्म करा."

त्यावर तेरा अंगठे आले. टॉसला प्रत्यक्षात सात जण होतो. दोघे क्रॉस मैदानावर उभे होते, कारण आधी तिथलं ठरलं होतं आणि त्यांच्याकडे जुना मेसेज फॉरवर्ड होऊन गेला होता. दोघांनी ८.३० ही पोहोचायची वेळ धरली. एकाने अंगठा दिला होता, पण त्याच्या मनात त्याचा अर्थ "मेसेज वाचला" एवढाच होता. किट बॅग ज्याच्याकडे होती तो मशीद बंदरला थांबलेल्या गाडीत. टॉस हरलो आणि त्यांनी बॅटिंग घेतली म्हणून निभावलं. पहिली बॅटिंग आली असती तर पॅडच नव्हते.

आमचा मुख्य फास्ट बोलर ९.१० ला आला आणि अंपायरनी त्याला लगेच बॉल दिला नाही. यावरून टीममध्ये बरीच भांडणं झाली. येत्या रविवारी पुन्हा आझाद मैदान, पुन्हा ८.३०. मेसेज कसा लिहू?

---

यॉर्कर_८७ | बुधवार, रात्री १०.०५

उशिरा आलेल्याला त्या इनिंगमध्ये बोलिंग करताच येत नाही, नियमच आहे तो. मेसेजमध्ये तेवढं एक वाक्य ठळक टाका, सगळे सहाला हजर होतील.

---

पंचकाका | बुधवार, रात्री १०.५०

यॉर्कर, अर्धं बरोबर आहे तुझं. करताच येत नाही असं नाही. जेवढा वेळ तो बाहेर होता तेवढा वेळ मैदानात काढल्यावर करता येते, आणि ही मुदत जास्तीत जास्त ९० मिनिटं. २४वा नियम. मी मैदानांवर बरीच वर्षं अंपायरिंग केलंय, म्हणून याच मॅचचं गणित मांडून दाखवतो.

पहिला बॉल ८.३० ला. बोलर आला ९.१० ला, म्हणजे ४० मिनिटं गैरहजर. त्यामुळे ९.५० पर्यंत तो नुसता फील्डिंग करणार. पंचवीस ओव्हर्सच्या इनिंगला रविवारच्या क्रिकेटमध्ये साधारण पावणेदोन तास लागतात, म्हणजे ती सव्वादहाला संपते. त्याला शेवटच्या पाच-सहा ओव्हर्सच सापडल्या असणार. नवा बॉल तर दुसऱ्यांनीच टाकला. मैदानात काढायची मुदत पुरी झाली नसेल आणि लगेच आपली बॅटिंग आली, तर बॅटिंगलाही हाच हिशोब लागतो. मुदत संपेपर्यंत किंवा पाच विकेट पडेपर्यंत थांबावं लागतं. उशिराचं कारण खरोखर मान्य करण्यासारखं असेल तर अंपायर सूट देऊ शकतो, पण ते त्याने ठरवायचं. तुमच्या स्पर्धेचे स्वतःचे नियम वेगळे असतील तर तेही आधी वाचून घ्या.

आता तिसरी_स्लिपला सांगतो. तुझ्या मेसेजमध्ये एकच वेळ आहे आणि ती खेळाडूच्या कामाची नाही. ८.३० ही अंपायरची वेळ झाली. टॉस सामन्याच्या आधी ३० ते १५ मिनिटांच्या मधे होतो, म्हणजे तुझ्या मॅचला ८ ते ८.१५. टॉसच्या आधी कॅप्टनने अकरा नावं लिहून द्यायची असतात. एकदा दिलेलं नाव समोरच्या कॅप्टनच्या संमतीशिवाय बदलत नाही. तेव्हा ८ वाजता अकरा माणसं डोळ्यांना दिसली पाहिजेत. त्याच्या आधी अर्धा तास खांदे-पाय मोकळे करायला, चार कॅच घ्यायला. म्हणून मैदानावर हजर ७.३०. ही वेळ सगळ्यात वर लिही. ८.३० लिहिलंच नाहीस तरी चालेल, लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

---

टर्फवाला_पुणे | गुरुवार, सकाळी ८.१५

आमच्याकडे हा त्रासच नाही. बॉक्स क्रिकेटचं टर्फ ॲपवरून बुक करायचं, लिंक ग्रुपवर टाकायची, बॅट-बॉल तिथेच मिळतात. तासाचे पैसे आठ जणांत वाटले की झालं. तुम्ही ठाण्यातच एखादं टर्फ का नाही बघत?

---

तिसरी_स्लिप | गुरुवार, सकाळी ८.४०

टर्फवाला, आमची स्पर्धेतली मॅच आहे. मैदान आयोजकांनी दिलंय, ते बदलता येत नाही. मेसेजचं बघतोय.

काका, ७.३० पटलं. मग मी उलटं मोजत गेलो. सीएसएमटीला उतरून सबवेतून मैदानापर्यंत आणि आत आपल्या पिचपर्यंत किट घेऊन दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे गाडीतून ७.१५ ला उतरायला हवं. डोंबिवलीहून फास्टला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. म्हणजे सहाच्या आधीची गाडी आणि पाचला उठणं. हे मी आजवर कधी कुणाला लिहून दिलंच नव्हतं, ज्याने त्याने आपापलं मोजावं असं धरून चाललो होतो.

---

सानपाड्याची_डावखुरी | गुरुवार, दुपारी १.२०

मी आमच्या मुलींच्या टीमचं हेच काम करते. जाण्याचं सगळे लिहितात. येण्याचं कुणी लिहीत नाही, आणि रविवारी खरी अडचण तिथेच असते.

मेगाब्लॉक बहुतेक वेळा अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. सकाळी सहाच्या गाडीला तो आडवा येत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. तुमची मॅच सव्वाबाराला संपणार, म्हणजे ऐन ब्लॉकमध्ये. मेन लाइनवर माटुंगा-मुलुंड फास्टचा ब्लॉक असेल तर फास्ट गाड्या तेवढ्या पट्ट्यात स्लोवरून जातात, थोडा उशीर होतो, पण घरी पोचता येतं. हार्बरवाल्यांची पंचाईत जास्त. सीएसएमटीकडची हार्बर बंद असेल तर कुर्ल्यापर्यंत मेन लाइनने यायचं आणि तिथून पनवेलकडची स्पेशल धरायची, नाहीतर ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरने नेरुळ-वाशी. तुमच्या टीममध्ये कुणी नवी मुंबईचा असेल आणि त्याला दुपारी तीनला घरी कार्यक्रम असेल, तर तो शेवटच्या दहा ओव्हर्स घड्याळ बघत खेळतो. आमच्या एका मुलीने असंच विचारून मैदान सोडलं होतं आणि आम्ही शेवटच्या पाच ओव्हर्स दहा जणींनी काढल्या.

ब्लॉकची घोषणा साधारण शुक्रवार-शनिवारी येते. त्यामुळे गुरुवारच्या मेसेजमध्ये ती लिहू नका, शनिवारच्या मेसेजमध्ये लिहा. रविवारी गाड्याही कमी असतात, आठवड्यातली पाठ असलेली वेळ धरून कुणी निघू नये हेही घाला.

आणि मैदानावर कपडे बदलायला जागा नसते. आम्ही मेसेजमध्ये सरळ लिहितो: व्हाइट्स घालूनच निघा, स्टेशनवरच फ्रेश होऊन या. पुरुषांच्या टीमलाही ते लिहिल्याने तोटा नाही, वीस मिनिटं वाचतात.

---

ग्लोव्हजमन | गुरुवार, दुपारी ३.०५

तिसरी_स्लिपच्याच टीमचा कीपर. किटचं मी बोलतो, कारण त्या दिवशी माझे ग्लोव्हज मशीद बंदरला अडकले होते आणि मी पहिल्या चार ओव्हर्स समोरच्या टीमचे उसने घालून काढल्या. बोटं आत सरकत होती, दोन बाय गेल्या.

आमची बॅग एकच, आणि तीत सगळं. पॅड, हेल्मेट, स्पेअर बॅट, बॉल, स्कोअरबुक. ती मालडब्यातून एकजण आणतो. तो अडकला की टीम अडकली. माझं म्हणणं, दोन बॅगा कराव्यात, आणि "बॅटिंगची एक, फील्डिंगची एक" अशा नकोत. दोन्हीपैकी कुठलीही एकच पोचली तरी मॅच सुरू झाली पाहिजे. म्हणजे प्रत्येक बॅगेत पॅडच्या दोन जोड्या, दोन हेल्मेट, बॅटिंग ग्लोव्हजच्या दोन जोड्या. तिसरी पॅडची जोडी पुढच्या बॅट्समनसाठी लागते, ती दोन्ही बॅगा आल्या की आपोआप होते. कीपिंग ग्लोव्हज माझ्या स्वतःच्या पाठपिशवीत. मॅचचा नवा बॉल कॅप्टनच्या खिशात, बॅगेत नाही. ॲब्डोमेन गार्ड ज्याचा त्याने.

दोन बॅगा दोन वेगळ्या स्टेशनांवरून, दोन वेगळ्या गाड्यांनी याव्यात. दोघेही डोंबिवलीहून एकाच डब्यात चढले तर एक बॅग असल्यासारखंच झालं.

---

यॉर्कर_८७ | गुरुवार, दुपारी ३.३०

सरळ एखाद्याची गाडी घ्या ना, डिकीत सगळं बसतं. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, ठाण्याहून पाऊण-एक तासात पोचाल.

---

ग्लोव्हजमन | गुरुवार, दुपारी ३.५०

जाताना पोचतो. मैदानाजवळ पार्किंग शोधण्यात मागे एकदा आमची पंचवीस मिनिटं गेली आणि गाडीतले चारही जण एकदम उशिरा आले. ट्रेनने एखाद-दुसऱ्याला उशीर होतो, गाडीने चौघांना एकत्र. पेट्रोलचे पैसे कुणी किती द्यायचे हा वाद वेगळाच.

---

पंचकाका | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

ग्लोव्हजमनचं दोन बॅगांचं म्हणणं सोळा आणे खरं. गाडीबद्दल मात्र मी त्याच्या विरुद्ध आहे. वयस्कर खेळाडू असतील, पाण्याचा जार न्यायचा असेल, तर एक गाडी असावी. ज्याची गाडी आहे तो दक्षिण मुंबईत नेहमी येणारा असला म्हणजे झालं.

आता जागेचं. "आझाद मैदान" एवढं लिहून उपयोग नाही. तिथे वीसच्या वर पिचेस आहेत आणि रविवारी सकाळी एकाला लागून एक मॅचेस चालतात. तुमचा डीप पॉइंट शेजारच्या मॅचच्या मिडविकेटजवळ उभा असतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. नवखा माणूस पंधरा मिनिटं चुकीच्या तंबूजवळ बॅग टाकून बसलेला मी पाहिलाय, आपलीच टीम समजून. मॅपवरचा पिन मैदानाच्या नावावर पडतो, तुमच्या पिचवर नाही. म्हणून कुठल्या क्लबचा प्लॉट, तंबूची खूण काय, आणि कुठल्या बाजूने आत यायचं, हे तीन शब्दांत लिहा: सीएसएमटी-महापालिकेकडून, मेट्रो सिनेमाच्या कोपऱ्याकडून, की फॅशन स्ट्रीटच्या अंगाने. जो पहिला पोचेल त्याने तंबूजवळ उभं राहून ग्रुपवर लाइव्ह लोकेशन चालू करावं आणि तंबू दिसेल असा एक फोटो टाकावा. तो फोटो जपून ठेवा, पुढच्या वेळी मेसेजसोबत जातो.

शनिवारी संध्याकाळी त्या प्लॉटच्या माळ्याला एक फोन करा. पिच पाण्याखाली आहे का, स्टंप तिथे मिळतात का, हे त्याच्याइतकं आयोजकालाही माहीत नसतं.

---

कोल्हापूरचा_बॅकी | गुरुवार, रात्री ९.००

आमचं फुटबॉल, पण एक अनुभव सांगतो. आम्ही मेसेजात जर्सीचा रंग लिहितो आणि दुसरी जर्सीही पिशवीत घ्यायला सांगतो. एकदा समोरची टीमही निळीच आली. रेफ्रीने थांबवलं, आम्ही उलट्या बाजूने बनियन घालून खेळलो. तुमचं पांढरंच असतंय म्हणा, पण रंगीत कपड्यांतल्या मॅचला हे लागू पडतंय. लाल बॉल की पांढरा तेवढं विचारून घ्या, कपडे त्यावर ठरत्यात.

आणि आमचा अंगठ्यावर विश्वास नाही. नाव लिहून "येतोय" असं पाठवायचं. गावात भेटलेला माणूस तोंडावर "येतो की" म्हणतोय आणि येत नाही, तसंच आहे ते.

---

सानपाड्याची_डावखुरी | शुक्रवार, सकाळी ७.५०

कन्फर्मेशनचं आमचं असं आहे. गुरुवारी ग्रुपवर पोल, दोनच पर्याय: खेळणार, नाही. "बघते" असा तिसरा पर्याय आम्ही सुरुवातीला ठेवला होता, अर्ध्या मुली तिथेच जाऊन बसायच्या. पोल करताना एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा बंद करायची, नाहीतर दोन्हीकडे टिक मारणारे निघतात. शुक्रवारी रात्री नऊला पोल बंद. मग मी अकरा आणि दोन अशी नावं क्रमांकाने लिहिते. ज्यांची नावं आहेत त्यांनी आपलं नाव आणि चढायचं स्टेशन लिहून उत्तर द्यायचं. स्टेशन लिहायला लावल्याचा फायदा असा की ते लिहिताना माणूस खरोखर गाडीचा विचार करतो. ज्यांना जमणार नसतं ते तिथेच कळवतात.

रविवारी सकाळी जोड्या असतात. माझी जोडीदार नेरुळची. साडेपाचपर्यंत तिचा "उठले" आला नाही तर मी फोन करते, कॅप्टनला सांगते ते त्यानंतर.

---

यॉर्कर_८७ | शुक्रवार, सकाळी ९.१०

शनिवारी रात्री ऐनवेळी नाही म्हणणाऱ्याकडून दंड घ्या. मैदानाच्या फीमधला त्याचा वाटा तरी त्याने द्यायलाच हवा.

---

सानपाड्याची_डावखुरी | शुक्रवार, सकाळी ९.४०

आम्ही घेतला होता. मग जिचं मूल तापाने फणफणलंय तिनेही घाबरून सांगितलं नाही, रविवारी सकाळीच कळवलं. शनिवारी रात्री कळलं असतं तर बारावी मुलगी बोलावता आली असती. आम्ही तो बंद केला.

---

पंचकाका | शुक्रवार, सकाळी ११.००

मैदानाची फी ठरलेली असते, ती दहांनी भरायची की तेरांनी, हा प्रश्न उरतोच. दंड नको म्हणणं सोपं आहे, पण दरवेळी त्याच दहांच्या खिशाला चाट का? माझं यावर तुमच्याशी जमणार नाही.

राखीव खेळाडूबद्दल मात्र एक सांगतो. दोन राखीव डोंबिवलीहून पाचला उठवून आणायचे आणि बाहेर बसवायचे, हे दोन वेळा होतं. तिसऱ्यांदा ते येत नाहीत. राखीव शक्यतो भायखळा, परळ, दादरचा ठेवा. त्याला ७.३० पर्यंत घरी थांबायला सांगा, फोन आला तर वीस-पंचवीस मिनिटांत तो मैदानावर. फक्त त्याला हे शुक्रवारीच स्पष्ट शब्दांत कळलं पाहिजे.

---

तिसरी_स्लिप | शुक्रवार, रात्री ११.२०

सगळ्यांचं वाचून हा मसुदा केलाय. फोनवर लांब मेसेज मध्येच कापला जातो आणि "पुढे वाचा" कुणी दाबत नाही, म्हणून जे चुकलं तर मॅच बुडते ते पहिल्या चार ओळींत आणलं. क्लबचं नाव इथे टाकत नाही.

```
रविवार | हजर: सकाळी ७.३० (मैदानावर, स्टेशनवर नाही)
आझाद मैदान, ___ क्लबचा प्लॉट, हिरव्या कडांचा तंबू
सीएसएमटी सबवेने या. क्रॉस मैदान नाही.
शनिवार सायं. ६ पर्यंत लिहा: नाव + चढायचं स्टेशन

व्हाइट्स घालूनच निघा. लाल बॉल. सकाळी दव असेल,
स्पाइक्स असतील तर आणा. गार्ड स्वतःचा.

बॅग १: डोंबिवली   बॅग २: ठाणे
नवा बॉल, पाण्याचे पैसे: कॅप्टन
स्कोअरबुक, पॉवर बँक: ग्लोव्हजमन

गाडी: डोंबिवली ६ च्या आधी, ठाणे ६.२० च्या आधी
(रविवारचं वेळापत्रक बघा)
परत: मॅच साधारण १२.१५ ला संपेल. ब्लॉकचं शनिवारी कळवतो.

टॉस ८ नंतर केव्हाही. उशिरा येणाऱ्याला तेवढा वेळ
बोलिंग मिळत नाही.
खेळणारे: १ ते ११. राखीव: १२ (परळ, घरीच थांबेल)
```

काही बदललं तर जुना मेसेज डिलीट करून पूर्ण मेसेज नव्याने टाकणार, पहिल्या ओळीत "बदल" लिहून. नुसतं खाली "मैदान बदललं" असं लिहिणार नाही. क्रॉस मैदानाचा घोळ त्यानेच झाला होता.

---

पंचकाका | शनिवार, सकाळी ६.३०

चांगला आहे. "तेवढा वेळ बोलिंग मिळत नाही" ही ओळ बरोबर लिहिलीस. सामना किती ओव्हर्सचा ते राहिलं. आणि एक फोन नंबर वर हवा, सकाळी सातला ग्रुप कुणी बघत नाही, फोन उचलतात.

---

ग्लोव्हजमन | शनिवार, सकाळी ८.००

बॅग २ मध्ये डावखुऱ्यांचे बॅटिंग ग्लोव्हज टाका. आपले दोन डावखुरे आहेत, दोघे एकदम क्रीजवर आले तर एकच जोडी आहे.

---

तिसरी_स्लिप | रविवार, संध्याकाळी ५.४५

सकाळी ७.५० ला अकरा मोजले. शनिवारी सहापर्यंत दहा उत्तरं आली होती. अकरावा लिहीत नव्हता म्हणून फोन केला, तर त्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि सांगायला त्याला संकोच वाटत होता. परळच्या मुलाला शनिवारी रात्रीच नाव दिलं, तो सगळ्यांच्या आधी पोचला होता. लाइव्ह लोकेशन त्यानेच चालू केलं.

बॅग १ ची गाडी कुर्ल्याला दहा मिनिटं थांबली. बॅग २ तोवर तंबूत होती. टॉस हरलो, या वेळी त्यांनी आम्हाला बॅटिंग दिली. दोन्ही ओपनर बॅग २ मधले पॅड बांधून वेळेवर उतरले, तिसरा बॅट्समन पॅड बांधत असताना बॅग १ आली.

पाणी चुकलं. "पाण्याचे पैसे: कॅप्टन" लिहिलं, पण जार आणायचा कुणी ते लिहिलं नाही. ड्रिंक्सला समोरच्या टीमकडून घेतलं. पुढच्या मेसेजमध्ये वस्तूपुढे आणणाऱ्याचं नाव, पैसे वेगळ्या ओळीत.

अकरा धावांनी हरलो. नेरुळचा मुलगा कुर्ल्यावरून गेला, दोनच्या आत घरी होता.

---

सानपाड्याची_डावखुरी | रविवार, संध्याकाळी ६.३०

कुर्ल्याला स्पेशल किती वेळाने मिळाली त्याला? आमची पुढच्या रविवारी ओव्हलवर आहे, चर्चगेटहून सीएसएमटीपर्यंत चालत यायचं की दादरला बदलायचं हे अजून ठरत नाहीये.